त्या बातमीत आई बोलत नाही

"भूक खरी, मेलेली मुलं खरी. मग गरीब देशांच्या बातम्यांमध्ये तुम्हाला नेमकं खटकतं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकच बातमी घेऊन सांगतो. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर इथिओपियातल्या कोरेमचं वार्तांकन दाखवलं गेलं. बातमीदार होते मायकेल ब्यूर्क. पहाटेची थंडी, धूर, चादरी गुंडाळून बसलेली हजारो माणसं आणि त्यावर ब्यूर्क यांचा संथ आवाज. विसाव्या शतकात बायबलमधला दुष्काळ अवतरलाय, असं ते सुरुवातीलाच म्हणतात. जगभरच्या वाहिन्यांनी ती चित्रं दाखवली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. त्या मदतीनं जीव वाचले, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आता तीच बातमी जरा वेगळ्या पद्धतीनं पाहा. आधी आवाज बंद करून कॅमेरा कोणाच्या किती जवळ जातो ते पाहायचं. मग चित्राकडे न बघता नुसतं ऐकायचं. डोळ्यांसमोर सतत इथिओपियन चेहरे येतात, कॅमेरा अगदी मरणाऱ्या मुलाच्या तोंडापर्यंत जातो. पण कानावर पडतो तो इंग्रज बातमीदाराचा आवाज, आणि परिस्थिती समजावून सांगते ती मदतकार्यातली परदेशी डॉक्टर. त्या मुलाची आई कोणत्या गावाहून आली, बियाणं कधी संपलं, बैल कधी विकले, वाटेत कोणी अडवलं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दुभाषा घेऊन दोन प्रश्न विचारले असते तर बातमीचा रोखच बदलला असता.

कारण पाऊस पडला नव्हता हे खरं असलं, तरी ते अर्धंच होतं. उत्तरेत तिग्रे आणि एरिट्रियात वर्षानुवर्षं युद्ध चालू होतं. मेंगिस्टू हैले मरियम यांच्या लष्करी राजवटीनं बंडखोरांना कोंडीत पकडायला बाजारांवर बॉम्ब टाकले, धान्याची ने-आण रोखली, मदतीचा वापर लढाईसाठी केला. बाजार मोडला की एका खोऱ्यातलं धान्य दुसऱ्या खोऱ्यात पोचत नाही, मजुरीला जाता येत नाही, गुरं मातीमोल भावानं जातात. दुष्काळाची उपासमार होते ती अशी, पायरीपायरीनं. बायबलची उपमा दिली की या सगळ्या पायऱ्या पुसल्या जातात. शाप असावा तसा दुष्काळ वरून येतो आणि त्याला जबाबदार माणूस उरत नाही. आफ्रिका म्हणजे काळाबाहेरचा, कायम मरणपंथाला लागलेला प्रदेश, ही वसाहतकाळापासूनची समजूत अशी पुन्हा घट्ट होते. वाईट हे की राजवटीलाही हेच सोयीचं होतं: सगळा दोष पावसाच्या माथी मारला की बॉम्बचा हिशेब कोणी मागत नाही.

आणि इथिओपियातून कोणी बोललंच नव्हतं असंही नाही. सरकारच्या मदत व पुनर्वसन आयोगाचे प्रमुख दाविट वोल्दे जॉर्जिस यांनी १९८४च्या मार्चमध्येच संयुक्त राष्ट्रांपुढे इशारा दिला होता. शीतयुद्धाचे दिवस, सरकार सोव्हिएत गोटातलं, म्हणून देणाऱ्या देशांचा विश्वास बसला नाही. सात महिन्यांनी तीच गोष्ट लंडनच्या आवाजात आली तेव्हा ती खरी ठरली. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

कॅमेरा होता नैरोबीच्या मोहम्मद अमीन यांच्या हातात. त्या भागात त्यांची ऊठबस ब्यूर्क यांच्यापेक्षा कितीतरी जुनी. म्हणजे नजर आफ्रिकी माणसाची होती, तरी अर्थ सांगायचा अधिकार दुसऱ्याकडे गेला. त्यामुळे 'स्थानिक पत्रकार घेतले की झालं' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. निवेदन कोण लिहितं, कोणतं वाक्य कापायचं हे कोण ठरवतं, तिथे पाहावं लागतं.

मात्र सगळं खापर पाश्चात्त्य वाहिन्यांवर फोडलं तर तेही अर्धंच वाचन होईल. सरकारनं चालवलेल्या दुष्काळग्रस्तांच्या सक्तीच्या स्थलांतरावर उघड टीका करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला, 'मेदसँ साँ फ्राँतिएर'ला, १९८५च्या डिसेंबरमध्ये इथिओपियानंच देशाबाहेर काढलं. आणि नोव्हेंबर २०२०मध्ये तिग्रेत पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा फोन आणि इंटरनेट बंद झाले, पत्रकारांच्या वाटा अडवल्या गेल्या. त्या वेळी तिथल्या आईचा आवाज लंडननं नव्हे, तिच्याच देशाच्या राजधानीनं दाबला. म्हणून बातमीत कोणी बोलत नसेल, तर त्याला विचारलं गेलं नाही की बोलू दिलं गेलं नाही, हे मी वेगवेगळं तपासतो. पहिल्याचा जाब संपादकाला विचारायचा असतो, दुसऱ्याचा सरकारला.