किचन ट्रॉली, व्हॉट्सअ‍ॅप आणि ‘घटनाक्रम स्पष्ट नाही’

ग्राहक आयोगाच्या छाननीतला तो शेरा आठवला की अजून चिडचिड होते. ‘घटनाक्रम स्पष्ट नाही, दुरुस्त करून सादर करावे.’ बस, एवढंच! काय स्पष्ट नाही, कुठल्या पानावर, एक अक्षर नाही. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, "वकिलांना विचारा."

प्रकरण साधं होतं. किचन ट्रॉलीसाठी आगाऊ पैसे दिले, माल आला नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला. आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर नोंदणी करणं, तक्रार लिहिणं, हे पटापट झालं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. चॅट एक्स्पोर्ट करून छापलं आणि त्यावरून तारखांचा तक्ता करून जोडला होता. अडलं ते या तक्त्यावर.

शेवटी ओळखीच्या एका वकीलबाईंनी तक्ता पाहिला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "मेसेज कधी आला ते लिहिलंय तुम्ही. घटना कधी घडली, ते कुठंय?" चॅटमध्ये दुकानदाराच्या ओळी अशा होत्या:

```
28/10/23, 7:12 pm - किचन ट्रॉली: सोमवारी माल निघेल
31/10/23, 9:05 pm - किचन ट्रॉली: दिवाळीच्या आधी बसवून देतो
```

मेसेज शनिवारचा, म्हणजे ‘सोमवारी’ म्हणजे 30 ऑक्टोबर. ‘दिवाळीच्या आधी’ला तर तारीखच नाही. तिथे कंसात ‘लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबर 2023’ असं लिहावं लागलं. वाचणाऱ्याने कॅलेंडर का उघडायचं? म्हणून प्रत्येक वायद्याच्या दोन ओळी केल्या: वायदा दिला ती तारीख, आणि वायद्याचा दिवस उलटला ती तारीख. ‘28.10.2023: सोमवारी, म्हणजे 30.10.2023 रोजी, माल पाठवण्याचे सामनेवाल्यांनी कळवले, पान 14.’ त्याखाली ‘30.10.2023: माल आला नाही. त्याच संध्याकाळी तक्रारदाराने विचारणा केली, पान 15.’ दुसरी ओळ लिहिल्यावरच कळतं की दिरंगाई किती आहे. नुसत्या चॅटमध्ये ती शुभ सकाळच्या फुलांमध्ये बुडून जाते.

‘फसवलं’, ‘टोलवाटोलवी’ हे शब्द वकीलबाईंनी तक्त्यातून खोडायला लावले. राग तक्रारीच्या मजकुरात मांडा, तक्त्यात फक्त काय घडलं ते आणि पुराव्याचं पान, असं त्यांचं म्हणणं. मला ते आधी पटेना, पण तक्ता वाचताना पटलं.

दुसरा घोळ तारखांच्या मांडणीचा. निम्म्या गप्पा ह्यांच्या फोनवरच्या होत्या. माझ्या एक्स्पोर्टमध्ये 09/10/23, त्यांच्यात 10/9/23, आणि दिवस एकच! एक्स्पोर्टमधली तारीख फोनच्या सेटिंगप्रमाणे येते, अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी. फाइलमध्ये 12च्या वरचा आकडा कुठल्या जागी येतो ते पाहिलं की समजतं. आगाऊ रक्कम मी दिली ती 9 ऑक्टोबरला, हे बँकेच्या खातेउताऱ्यावरून पक्कं केलं. दोन फाइली एकत्र करायच्या तर आधी सगळ्या तारखा एकाच पद्धतीत आणा, महिना अक्षरात लिहा.

तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती, हेही तेव्हाच कळलं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. दुकानदार ‘देतो, देतो’ म्हणत राहिला म्हणून मुदत वाढते असं गृहीत धरू नका. ऑर्डरच्या पावतीवर माल देण्याची तारीख 5 नोव्हेंबर 2023 होती, तीच वकीलबाईंनी धरायला लावली. ती ओळ ठळक केली.

हो, एक राहिलंच. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलंत तर फोटोच्या जागी नुसतं `<Media omitted>` येतं. मीडियासकट केलंत की आवाजी निरोपाची फाइल `PTT-20231109-WA0003.opus` अशा नावाने येते, त्यात तारीख दिसते. निरोप ऐकून शब्दशः उतरवा आणि तक्त्यात फाइलचं नाव द्या. शिवाय एक्स्पोर्टमध्ये नंबर येत नाही, तुम्ही सेव्ह केलेलं नाव येतं. ‘किचन ट्रॉली’ म्हणजे तोच दुकानदार हे दाखवायला कॉन्टॅक्टच्या पानाचा स्क्रीनशॉट लावा. त्यावर नंबर दिसला पाहिजे, आणि तोच नंबर बिलावर असला तर उत्तम.

दुरुस्त तक्ता दोन पानांत मावला, चॅटच्या छापील पानांना क्रमांक घातले आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत जोडलं. या खेपेला शेरा आला नाही, थेट तक्रार क्रमांक आला. मला खरंच हायसं वाटलं. मूळ चॅट मात्र दोन्ही फोनमध्ये तसंच ठेवलंय. निकाल लागेपर्यंत ते पुसायचं नाही, आणि फोनही बदलायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.