दहा दिवसांत अ‍ॅनालॉगची उजळणी

“सर, प्रॅक्टिकलला दहाच दिवस उरलेत. सगळी सर्किट्स पुन्हा जोडून होणार नाहीत, मग नेमकं काय करू?”

डायोड, रेक्टिफायर आणि झेनर यांना पहिले दोन दिवस पुरेत. त्यानंतरचे चार दिवस मात्र व्होल्टेज डिव्हायडर बायसच्या सीई अ‍ॅम्प्लिफायरला द्यावेत, कारण व्हायव्हातले बायसिंग, गेन आणि इम्पिडन्सचे बहुतेक प्रश्न याच एका सर्किटमधून निघतात.

सिग्नल लावण्याआधी कागदावर डीसी व्होल्टेज काढावेत. समजा, सप्लाय १२ व्होल्ट, बेसचे रेझिस्टर वर ४७ व खाली १० किलोओहम, कलेक्टरला ३.३ आणि एमिटरला १ किलोओहम आहे. बेसवर सुमारे २.१ व्होल्ट येतात. त्यातून ०.७ वजा केले की एमिटरवर १.४ उरतात, म्हणजे करंट १.४ मिलिअँपिअर. या करंटमुळे कलेक्टर रेझिस्टरवर ४.६ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ७.४ राहतात. मग मीटर लावावा. कलेक्टरवर पूर्ण १२ दिसले, तर ट्रान्झिस्टर कटऑफमध्ये आहे. बहुधा बेसचा पाय ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेला नसतो. कलेक्टर आणि एमिटर जवळपास सारखेच दिसले, तर तो सॅच्युरेशनमध्ये आहे. अशा वेळी बेसच्या दोन रेझिस्टरांची अदलाबदल झालेली असते, किंवा खालच्या रेझिस्टरला ग्राउंडच मिळालेले नसते, कारण अनेक ब्रेडबोर्डांची कडेची रेल मध्येच तुटलेली असते. (ही तुटलेली रेल दर वर्षी कुणाचा तरी अर्धा तास खाते.)

डीसी जुळल्यावर १ किलोहर्ट्‌झचा, सुमारे ५ मिलिव्होल्ट पीकचा सिग्नल द्यावा. जनरेटर इतका खाली जात नसेल, तर १० किलोओहम आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावावा आणि इनपुट डिव्हायडरच्या आधी मोजून सुमारे शंभराने भागावे. एमिटरचा अंतर्गत रोध २६ भागिले १.४, म्हणजे सुमारे १८.६ ओहम येतो. म्हणून लोड नसताना गेन १७५ च्या आसपास असतो. आता बायपास कपॅसिटर काढावा. गेन थेट ३.३ वर घसरतो, कारण एमिटरचा पूर्ण १ किलोओहम सिग्नलच्या वाटेत येतो. “कपॅसिटर काढला तर काय होईल?” हा एक्सटर्नलचा आवडता प्रश्न असून, हे दोन्ही आकडे स्वतः मोजलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर दोन वाक्यांत संपते.

सातवा-आठवा दिवस ७४१ चा. दहा गेनच्या इन्व्हर्टिंग सर्किटला १ व्होल्ट पीक देऊन फ्रिक्वेन्सी वाढवत न्यावी; ८ किलोहर्ट्‌झच्या पुढे साइन वेव्ह त्रिकोणी होऊ लागते. स्ल्यू रेट ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असतो, तो इथे डोळ्यांना दिसतो. नवव्या दिवशी मित्राकडून चिठ्ठी काढून घ्यावी आणि येईल ते सर्किट घड्याळ लावून जोडावे. दहावा दिवस जर्नलचा: प्रत्येक ग्राफच्या अक्षांवर एकके आहेत का आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्ससाठी सेमीलॉग कागद वापरला आहे का, एवढेच तपासावे.