‘करण्यात यावे’ला मी हात का लावत नाही

“बातमीत, निबंधात, सगळीकडे तुम्ही ‘करण्यात आले’ खोडता. मग किरायानाम्यातलं ‘करण्यात यावे’ तसंच का सोडता?” मी मुद्रितशोधक, म्हणून हा प्रश्न मला विचारला जातो.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. ‘कर्मणी टाळा, कर्तरी लिहा’ हा सल्ला करारात लागू करायला गेलो की मराठीत पहिल्याच पावलाला अडखळायला होतं. ‘किरायेदार वीजबिल भरतो’ हे कर्तरी. ‘किरायेदाराने वीजबिल भरावे’ हे वाक्य सगळ्यांना सरळ, साधं वाटतं, पण त्यातलं क्रियापद बघा. वीजबिल ‘भरावे’, नळपट्टी ‘भरावी’, हप्ता ‘भरावा’. क्रियापद कर्माच्या मागे चाललंय, म्हणजे प्रयोग कर्मणीच. बंधन सांगणारं मराठी वाक्य बहुतेक वेळा असंच असतं. ते कर्तरी करायचंच म्हटलं तर ‘किरायेदार वीजबिल भरील’ होईल. कायद्याच्या मराठीत हे ‘भरील’ चालतं, पण लातूरच्या घरमालकाला ते आश्वासन वाटेल किंवा भविष्य.

म्हणून माझ्यापुढचा प्रश्न कर्तरी की कर्मणी हा नसतो. ‘किरायेदाराने भरावे’ आणि ‘भरण्यात यावे’ यांत फरक एवढाच की दुसऱ्यात करणारा दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून त्याचं नाव आपण घालावं का, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरवण्यात मी एकदा सपशेल चुकलो होतो.

लातुरात शिकवण्यांसाठी बाहेरगावची पोरं येतात आणि खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने घेतात. मसुदे वकील करतात, टंकन डीटीपीवाले करतात आणि आमच्यासारखे मुद्रितशोधक शेवटची नजर टाकतात. अशाच एका मसुद्यात सातवं कलम होतं: ‘मुदतीपूर्वी करार संपुष्टात आणावयाचा झाल्यास एक महिना अगोदर लेखी कळविण्यात यावे.’ सहावं कलम किरायेदाराचं होतं, आठवंही त्याचंच. तेव्हा माझी उमेद दांडगी होती आणि सोप्या मराठीचं वेड होतं. मी लाल पेनाने केलं: ‘लिहून घेणार यांनी एक महिना अगोदर लेखी कळवावे.’ करारात ‘लिहून घेणार’ म्हणजे किरायेदार आणि ‘लिहून देणार’ म्हणजे घरमालक. वाक्य सुटसुटीत झालं. कोणाच्याच डोळ्यांना खटकलं नाही, कारण खोली लवकर सोडतो तो किरायेदार, असंच सगळे धरून चालतात.

पाचव्या महिन्यात घरमालकाच्या नातेवाइकांना खोली हवी झाली. त्याने आठ दिवसांत सामान काढायला सांगितलं. मुलाचे वडील अहमदपूरहून कागद घेऊन आले. “एक महिना आधी कळवायचं ठरलंय की, साहेब. लेकराची परीक्षा तोंडावर हाय.” घरमालकाने त्याच कागदावर बोट ठेवलं. “कळवायचं तुम्ही. आम्ही कळवायचं कुठं लिहिलंय?”

खरंच कुठं लिहिलं नव्हतं. होतं, ते मी खोडलं होतं. ‘कळविण्यात यावे’मध्ये दोघेही बसले होते. जो करार मोडेल, त्याने महिनाभर आधी सांगायचं, असा त्याचा अर्थ होता. मी एकाला नाव घालून दुसऱ्याला मोकळं केलं. करार नोंदणी झालेला होता, त्यामुळे वाक्य बदलायचं तर चूकदुरुस्ती पत्र करून दोघांनी पुन्हा सह्या करायला हव्यात. ज्याचा फायदा झालाय तो कशाला सही करील? शेवटी शेजारपाजारच्यांनी मध्ये पडून पंधरा दिवस मिळवून दिले. वकील मला रागावून एक शब्द बोलले नाहीत, त्यांनी जुनी प्रत फक्त टेबलावर ठेवली. त्यावर ‘यावे’ स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट करतो. ‘करण्यात यावे’ दिसलं की मनातल्या मनात आधी एका पक्षाला ‘ने’ लावून वाचतो, मग दुसऱ्याला. ‘घरमालकाने एक महिना अगोदर कळवावे’, अर्थ लागतो. ‘किरायेदाराने एक महिना अगोदर कळवावे’, तोही लागतो. दोन्ही लागतात याचा अर्थ वाक्याने मुद्दाम किंवा नकळत दोघांना धरलंय. मग कोणाचं नाव घालायचं हा भाषेचा निर्णय उरत नाही, तो व्यवहाराचा होतो आणि व्यवहारात मी पक्षकार नाही.

मनाई करणाऱ्या कलमात तर दोन नावं वाचून भागत नाही. ‘खोलीत गॅसची शेगडी वापरण्यात येऊ नये’ हे घ्या. सुधारायचा मोह होतो: ‘लिहून घेणार यांनी शेगडी वापरू नये.’ पण लिहून घेणार कोण? पोरगा सतरा वर्षांचा, म्हणून करारावर सही वडिलांची. वडील अहमदपूरला शेती करतात. म्हणजे या सुधारणेने आपण वडिलांना त्यांनी कधीही न राहिलेल्या खोलीत स्वयंपाक करायला बंदी केली, आणि पोरगा, त्याचा खोलीतला जोडीदार, दोन दिवसांसाठी आलेला मामेभाऊ, सगळे सुटले. ‘वापरण्यात येऊ नये’मध्ये त्या खोलीत शेगडी पेटवणारा प्रत्येक जण सापडतो. घरमालकाला नेमकं तेच हवं असतं. त्याला आग लागायला नको आहे, कोणाच्या हातची हा प्रश्न नाही.

दुरुस्तीच्या कलमाचंही थोडं असंच आहे. ‘नळ व विजेची दुरुस्ती लिहून देणार यांच्या खर्चाने करून घेण्यात यावी’ यात पैसे कोणाचे ते पक्कं आहे आणि माणूस कोण बोलवायचा ते मोकळं ठेवलंय. घरमालक नांदेडला राहत असेल, तर प्लंबर पोरगाच बोलावील आणि पावती पाठवील. ‘लिहून देणार यांनी दुरुस्ती करावी’ असं केलं की रात्री नळ गळायला लागल्यावर नांदेडची वाट बघत बसायचं.

याचा अर्थ अशा वाक्यांना मी डोळे मिटून सोडतो असा नाही. तिथे माझं खरं काम शेवटच्या अक्षराचं असतं. टंकन करणारे ‘यावे’ एकदा बोटात बसलं की सगळीकडे तेच उमटवतात. ‘नळपट्टी भरण्यात यावे’ हे चूक, ‘यावी’ हवं. ‘भिंतीला खिळे ठोकण्यात येऊ नये’ हेही चूक, खिळे अनेक, म्हणून ‘नयेत’. इथे लाल पेन बिनधास्त चालवावं, कारण जबाबदारी इकडची तिकडे होत नाही.

‘यावी’ आणि ‘येईल’ यांची अदलाबदल मात्र करू नये. एकसारखेपणाच्या नादात मी ती पुष्कळांना करताना पाहिलंय. ‘अनामत रक्कम खोली रिकामी केल्यापासून पंधरा दिवसांत परत करण्यात यावी’ यात पैसे परत करण्याचं बंधन आहे. ‘परत करण्यात येईल’ म्हटलं की ते देणाऱ्याच्या तोंडचं वाक्य होतं, दुकानाच्या पाटीवरच्या ‘माल बदलून मिळेल’सारखं. मसुद्यात एका कलमात ‘यावी’ आणि दुसऱ्यात ‘येईल’ असेल, तर तो फरक वकिलाने ठेवलाय की टंकनात घुसलाय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारण्यासाठी मी पेन्सिल वापरतो. दुरुस्ती लाल, शंका पेन्सिलीने, समासात. शंका लांबलचक लिहीत नाही. ‘कोणी?’ एवढं लिहितो. वकील वाचतात, बरेचदा ‘दोघेही’ असं लिहून कागद परत येतो आणि वाक्य होतं तसंच राहतं. कधी ‘घ. मा.’ असं उत्तर येतं. तेव्हा नाव घालायचं, पण ते त्यांनी घातलेलं असतं, मी नाही.

पेन्सिल सगळ्यात जास्त झिजते ती पाण्याच्या कलमावर. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते इथे कोणी विसरलेलं नाही. किरायानाम्यांत टँकरचं कलम त्यामुळे असतंच. मागच्या मार्चमध्ये एक आलं: ‘पाणीटंचाईच्या काळात टँकरचा खर्च समप्रमाणात वाटून घेण्यात यावा.’ मी माझी परीक्षा लावली, तर इथे ‘ने’ लावायला दोन नाही, पाच जण निघाले. वाड्यात चार खोल्या किरायाने दिलेल्या आणि तळमजल्यावर घरमालक स्वतः. समप्रमाणात म्हणजे चौघांत की पाचांत? खोलीमागे की डोक्यामागे? एका खोलीत तिघं पोरं राहतात, दुसरीत एकटा. हे वाक्य मोकळं असल्यामुळे सर्वांना धरत नव्हतं, ते कोणालाच धरत नव्हतं. सातव्या कलमातली मोकळीक आणि ही मोकळीक यांत हा फरक आहे. तिथे ‘जो मोडेल तो’ असं उत्तर वाक्यातच होतं. इथे उत्तर कोणीच ठरवलेलं नव्हतं.

मी समासात लिहिलं, ‘कोणाकोणांत?’

वकिलांचा फोन आला. “अहो, हे तर मी विचारलंच नाही त्यांना.” दोन दिवस कागद अडकला. घरमालकाचं म्हणणं, मी माझ्या बोअरवर भागवतो, मला कशाला धरता. किरायेदारांचं म्हणणं, बोअर आटल्यावर टँकरच्या टाकीतून पहिली बादली तुमच्याच घरात जाते. तिसऱ्या दिवशी कलम परत आलं: ‘पाणीटंचाईच्या काळात टँकरचा खर्च लिहून देणार व चारही खोल्यांचे किरायेदार यांच्यात खोलीनिहाय पाच समान हिश्यांत वाटून घेण्यात यावा.’

‘घेण्यात यावा’ होतं तसंच होतं. मी ‘हिश्यांत’चं ‘हिश्श्यांत’ केलं आणि कागद पुढे पाठवला.