चाळीस लाखांचा दावा आणि आमची तरतूद

मी ज्या कंपनीचे हिशेब पाहते, तिच्यावर एका ग्राहकाने एप्रिल 2022 मध्ये चाळीस लाखांचा दावा लावला. पुरवलेले सुटे भाग सदोष निघाल्याचे 18 लाख आणि बुडालेल्या नफ्याचे 22 लाख.

मार्च 2023 च्या ताळेबंदात तरतूद केली नव्हती. दोष आमच्या मालात की त्यांच्या जोडणीत, हे तेव्हा वकिलांनाही सांगता येत नव्हतं. पैसे जाण्याची शक्यता होती, पण न जाण्यापेक्षा ती जास्त आहे असं म्हणता येत नव्हतं. म्हणून टिपांमध्ये संभाव्य दायित्व म्हणून चाळीस लाखांचा दावा दाखवला.

मे 2024 मध्ये कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल आला. धातूच जाहीर केलेल्या दर्जाचा नव्हता. मार्च 2024 चे हिशेब अजून संचालकांनी मंजूर केले नव्हते. मालक म्हणाले, "अहवाल मे महिन्यातला, मग तो पुढच्या वर्षी घ्या ना." मी म्हटलं, "साहेब, अहवाल मे महिन्यातला असला तरी माल 31 मार्चच्या आधीच सदोष होता. अहवालाने फक्त ते सिद्ध केलं." हिशेब मंजूर होण्याआधी असं काही कळलं, तर मार्चमध्ये संपलेल्या त्याच वर्षाचे आकडे बदलावे लागतात.

खरा कस लागला तो आकडा ठरवताना. कुणी सुचवलं, हरण्याची टक्केवारी धरून चाळीस लाखांची सरासरी काढू. हजारो ग्राहकांच्या वॉरंटीला ती पद्धत चालते, पण एकाच दाव्यात निघणारी ती रक्कम कोर्ट कधीच देणार नसतं. मी वकिलांकडून प्रत्येक मागणीवर वेगळं लेखी मत घेतलं. मालाचे 18 लाख आणि त्यावर दावा दाखल झाल्यापासून 9 टक्के सरळ व्याज द्यावं लागण्याची शक्यता जास्त. नफ्याच्या नुकसानीला पुरावा नव्हता. दोन वर्षांचं व्याज 3.24 लाख, म्हणून एकूण 21.24 लाख.

31 मार्च 2024 ची नोंद:

दावा नुकसानभरपाई खर्च खाते — डेबिट 21,24,000
दावा तरतूद खाते — क्रेडिट 21,24,000

उरलेले 22 लाख संभाव्य दायित्व म्हणून टिपांमध्येच राहिले. विमा कंपनीकडे आम्ही भरपाई मागितली होती, पण तिने ती मान्य केलेली नव्हती. ती मिळणार हे जवळपास निश्चित नसल्याने तरतुदीतून वजा केली नाही, येणं म्हणूनही दाखवली नाही. मालकांना भीती होती की तरतूद म्हणजे कोर्टात कबुली. ती कबुली नसते, तो हिशेबातला अंदाज असतो, हे वकिलांनीच त्यांना समजावलं.

पुढच्या वर्षी सर्व मागण्या मिळून 19.50 लाखांवर तडजोड झाली. तरतूद खाते 21,24,000 ने डेबिट केलं, बँक 19,50,000 ने क्रेडिट, आणि उरलेले 1,74,000 तरतूद परत म्हणून नफा-तोट्याला गेले. 22 लाखांची टीपही त्याच वर्षी निघाली.