सळईवरची तीन अक्षरं आणि माझे अकरा दिवस

अर्धवट बांधलेलं घर विकत घ्यायचं म्हटलं की लोक सातबारा पाहतात, विहिरीचं पाणी चाखतात. मी सळईचे फोटो पाहत बसलो. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात रस्त्यालगत स्लॅबपर्यंत आलेलं घर विकायला होतं. मालकाला पैशांची नड होती, मला निवृत्तीनंतर गावाकडं यायचं होतं. स्लॅबच्या वर नऊ कॉलमच्या सळया दोन-अडीच फूट उघड्या उभ्या होत्या. मालक म्हणाला, "गुर्जी, माल कंपनीचा हाय. पाचशे डी. डोळे झाकून घ्या." पाचशे डी ही सळईची प्रत, ती सळईवरच लिहिलेली असते. डोळे झाकून घेण्याच्या लायकीची वस्तू विकणारा माणूस असं सहसा म्हणत नाही, म्हणून मी भाच्याला स्लॅबवर चढवलं.

भाच्यानं भर दुपारी बारा वाजता फोटो काढले. ऊन डोक्यावर, सळई करकरीत तांबडी, अक्षरांना सावलीच नाही. सळईवरची अक्षरं शाईची नसतात. सळई लाटणाऱ्या गिरणीत शेवटच्या रुळावर ती कोरलेली असतात आणि लाल सळई त्यातून जाताना ती उठून येतात. उठाव मिलिमीटरभरही नसतो. सावली नसेल तर तो दिसतच नाही. भाचा म्हणे, "मामा, मले तर दिसून रायलं, तुमाले काहून दिसत नाही?" तिथं बोट फिरवणाऱ्याला दिसतं, फोटोत दिसत नाही, हे त्याला पटवण्यात एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईलची बॅटरी सळईला जवळजवळ टेकवून, बाजूनं उजेड पाडून फोटो काढायला लावले. वरून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून अक्षरांचा चिखल करतं. आता अक्षरं दिसली, पण खोल खणल्यासारखी. उजेड खालून आला की उठाव खड्ड्यासारखा वाटतो. फोन उलटा धरला तर अक्षरं वर आली, पण आता आकडा उलटा झाला. सळई कशीही उभी केलेली असते, तिला वर-खाली काही नसतं. म्हणून प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो, आणि नावाची अक्षरं जिकडून सुलटी दिसतात तिकडूनच आकडे वाचायचे.

मग मी जिथं अडकलो तिथं अडकलो. नाव अर्धं, पुढं ५, मग गंजाचा फोड, मग ०, मग D सारखं काहीतरी. मधला आकडा ० की ५? पाचशे की साडेपाचशे? आणि तो D खरा की तिरप्या नक्षीची कड? पाच दिवस मी रोज रात्री फोटो मोठा करून पाहायचो. बायको म्हणाली, "एवढं तर पेपर तपासतानाही कधी पाहिलं नाही तुम्ही."

एकाच सळईवर सगळा मजकूर मिळेल ही माझी अपेक्षाच चुकीची होती. रुळाचा घेर जेवढा तेवढ्या अंतरानं तीच अक्षरं पुन्हा येतात, साधारण मीटरभरानं. उघडी सळई अडीच फूट, म्हणजे कुठं नाव वर आलेलं, कुठं नुसता आकडा, बाकीचं काँक्रीटमध्ये. नऊ कॉलमच्या सळयांवरून तुकडे जोडावे लागतात. पण जोडण्याआधी नक्षी एकसारखी आहे का ते पाहायचं: तिरप्या कडांमधलं अंतर, त्यांचा कल. दोन गिरण्यांचा माल एका घरात मिसळलेला असला तर एकाचं नाव आणि दुसऱ्याचा आकडा जोडून तुम्ही तिसरीच कंपनी तयार कराल. आठ कॉलम एकाच नक्षीचे निघाले. नवव्याची नक्षी वेगळी, त्यावर मला एकही अक्षर सापडलं नाही. त्याची खूण मी नकाशावर करून ठेवली.

शेवटी उपाय आठवला तो तिसरीच्या वर्गातला. नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की नाणं उमटतं. नवव्या दिवशी मी स्वतःच गेलो. तारेच्या ब्रशनं सिमेंटचा राप हलक्या हातानं काढला (जोर लावला तर अक्षरंच घासली जातात), पातळ कागद गुंडाळला, पेन्सिल आडवी धरून घासली. तिसऱ्या सळईवर स्वच्छ उमटलं: ५००. D नाही. फोटोतला D म्हणजे नक्षीची कड आणि तिला चिकटलेला सिमेंटचा गोळा. नावही पूर्ण उमटलं. मालक ज्या मोठ्या कंपनीचं नाव घेत होता त्याच्यासारखंच, फक्त मध्ये एक अक्षर जास्त.

मालकाला कागद दाखवला तर म्हणाला, "एका अक्षरानं का होते?" होते ना. पाचशे म्हणजे सळई कायमची ताणली जाण्याआधी दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण सोसते; ते पाचशे आणि पाचशे डी दोघांनाही सारखंच. मुख्य फरक तुटण्याआधीच्या लांबण्यात आहे. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पाचशेला किमान १२ टक्के, डी ला १६. माझ्या इंजिनिअरनं सांगितलं की वजन पेलण्याच्या हिशेबात यानं घर पडत नाही. पण मालकानं भाव डी चा लावला होता, मला राग त्याचा होता.

शेडच्या दाराला बांधलेल्या बिंडाच्या तारेत पत्र्याचा टॅग मिळाला. त्यावर CM/L- ने सुरू होणारा परवाना क्रमांक होता. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर गिरणीचं नाव, पत्ता, परवाना चालू असल्याचं सगळं आलं, आणि नाव कागदावरच्या नावाशी जुळलं. म्हणजे माल बोगस नव्हता, सांगणं बोगस होतं. टॅग फेकून देऊ नका असं आधीच सांगायला हवं होतं मी. बिल आणि टॅग दोन्ही मागा.

वजनही करून पाहिलं. वर आलेली सळई मात्र कापू नका, पुढच्या मजल्याची सळई तिच्याशीच जोडायची असते. अंगणात पडलेला त्याच नक्षीचा, १२ लिहिलेला तुकडा घेतला, ब्रशनं गंज काढला, मोजला तर ९४ सेंटीमीटर. बारा मिलिमीटरला मीटरमागे ८८८ ग्रॅम, म्हणजे या तुकड्याचे ८३५ व्हायला हवेत. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ७९० भरले, साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी. एका नमुन्याला या जाडीत सहा टक्क्यांपर्यंत सूट आहे, त्यामुळे तुकडा बसला, पण अगदी काठावर.

बीम आणि स्लॅबमध्ये काय पुरलंय ते यातलं काहीच सांगत नाही. नवव्या कॉलमच्या नक्षीचेही दोन तुकडे अंगणात मिळाले. ते ताणून तोडायला इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दिले आहेत. मालक रोज फोन करतो, "गुर्जी, इसार कधी देता?" अहवाल आल्यावर, म्हणतो मी.