क्षितिज छातीवरूनच जायला हवे

समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रात वेगळा टिपलेला माणूस बसवताच सहकारी म्हणाली, “प्रकाश जुळतोय, पण हा वरून पाहिल्यासारखा का वाटतो?”

कारण नोंदींत सापडले. पार्श्वभूमी 35 मिमी लेन्सने, कॅमेरा 1.2 मीटर उंचीवर सरळ ठेवून घेतली होती. अशा वेळी सपाट वाळूवरचा माणूस जवळ असो वा दूर, क्षितिज त्याच्या छातीजवळूनच जाते. माणूस मात्र 1.7 मीटरवरून टिपलेला होता, म्हणून बुटांचा वरचा भाग जास्त दिसत होता, आणि आकार लहान-मोठा करून हा दोष जात नाही.

आज तीच लेन्स, तीच उंची आणि चित्रात तो जिथे उभा राहणार तेवढेच चार मीटर अंतर ठेवून, सूर्य त्याच बाजूला तितकाच कलेपर्यंत थांबून, त्याला पुन्हा टिपले.

पार्श्वभूमी घेतानाच त्या जागी काठी रोवून तिच्या सावलीचेही एक छायाचित्र आपण का घेऊन ठेवत नाही?