पाळी संपते, डाग संपत नाहीत

सिझेरियननंतर हे सुरू झालं. पाळी थांबली तरी पुढे आठवडाभर तपकिरी डाग. सासूबाईंच्या मते उष्णता! आज सोनोग्राफीत कारण दिसलं: गर्भाशयाच्या टाक्यांच्या जागी आतून छोटी खाच. पाळीचं थोडं रक्त तिथे साचतं, जुनं होऊन तपकिरी पडतं आणि हळूहळू झिरपत राहतं. डॉक्टरांनी मुद्दाम डाग चालू असतानाच योनीमार्गातून तपासलं, कारण द्रव साचलेला असला की खाच स्पष्ट दिसते. पलीकडे उरलेल्या स्नायूची जाडीही मोजली. ती ३ मिमीपेक्षा कमी असेल तर दुर्बिणीने आतून दुरुस्ती सहसा टाळतात, मूत्राशय अगदी लगत असतं ना. मला आता मूल नकोय, म्हणून आधी गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी रक्तस्राव कमी होईल, खाच मात्र तशीच राहील.